सहकारी ताईंनी 'इकिरू' सुचवला, आता त्यांना आभाराची चिठ्ठी लिहायची आहे

टिपणीकार

नमस्कार मंडळी,

आमच्या लेखा शाखेतल्या ताईंची बदली झाली आहे आणि शुक्रवारी त्यांचा निरोप समारंभ आहे. शाल, नारळ, पुष्पगुच्छ सगळं ठरलं आहे, पण मला त्यांना वेगळी चिठ्ठी द्यायची आहे. कारण एक चित्रपट.

डब्याच्या वेळी एकदा त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही कुरोसावांचा 'इकिरू' बघा. एक सांगते, माणूस मेला की उठू नका. पिक्चर तिथून पुढे आहे." 1952 चा जपानी, कृष्णधवल, दोन तास तेवीस मिनिटांचा, त्यात म्हातारा कारकून आणि पोटाचा कॅन्सर. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात तो विषय बंद केला. परवा रात्री वीज वेळेवर आली, घरात शांतता होती, म्हणून लावला. रात्री दीड वाजता मी अंथरुणात बसून विचार करत होतो की हे जपानमधल्या माणसांना आमच्या कार्यालयाबद्दल कसं कळलं?

चिठ्ठीचा मसुदा असा केला आहे:

"आदरणीय ताई, आपण सुचवलेला चित्रपट अप्रतिम होता. माझा जीवनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. आपले मनःपूर्वक आभार. पुढील वाटचालीस शुभेच्छा."

वाचून बघितलं तर हे कोणत्याही चित्रपटाबद्दल कोणालाही देता येईल असं वाटतंय. मला नक्की काय आवडलं ते कागदावर उतरत नाहीये. ज्यांनी पाहिला आहे त्यांनी सांगा, तुम्ही काय लिहिलं असतं?

(कथा उघड होणार आहे. पाहायचा असेल त्यांनी आधी पाहून या.)

---

सोनचाफा

पाहिला नाही, पण ताईंचं वाक्य भारी आहे. नायक मेल्यावर पिक्चर पुढे किती असतो?

---

टिपणीकार

@सोनचाफा, शेवटची साधारण पन्नास मिनिटं. मला वाटलं होतं की मेल्यावर फार तर एक अंत्ययात्रा आणि पाटी.

---

आबा_फलटण

निरोप समारंभाला जपानी रडका सिनेमा कशाला दाखवता राव. लोकांना जेवणाची घाई असते. एखादा जुना मराठी विनोदी लावा, वीस मिनिटांचे निवडक प्रसंग काढून. आमच्या बँकेत तसंच केलं होतं, सगळे खूश.

---

सोनचाफा

आबा, सिनेमा दाखवायचा नाहीये, चिठ्ठी लिहायची आहे. :)

---

आबा_फलटण

अच्छा. मग चिठ्ठीबरोबर पेढे द्या.

---

पडद्यामागे

टिपणीकार, धागा बघून बरं वाटलं. हा चित्रपट मी पहिल्यांदा फिल्म सोसायटीत पाहिला, तेव्हा मधेच रीळ बदलल्यावर तीन-चार जण उठून गेले होते, चित्रपट संपला असं समजून. तुमच्या ताईंनी बहुतेक तसंच काहीतरी पाहिलं असणार.

तुम्हाला काय आवडलं हे सापडत नाहीये, तर मी एक दिशा सुचवतो. चित्रपटाच्या पहिल्याच चित्रात एक क्ष-किरण फोटो आहे. निवेदक सांगतो, हे आपल्या नायकाचं पोट, यात कॅन्सर आहे, त्याला अजून माहीत नाही. मग आपल्याला वातानाबे दिसतो, नागरिक विभागाचा प्रमुख, समोर कागदांच्या चळती, हातात शिक्का. निवेदक सरळ म्हणतो की हा माणूस जगतच नाहीये, त्यामुळे त्याच्याबद्दल आत्ता सांगण्यात अर्थ नाही. म्हणजे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटाला शेवट माहीत. मग दीड तास आपण त्याच्याबरोबर फिरतो: बार, नाचगाणी, खेळणी बनवणाऱ्या कारखान्यात गेलेली ती कारकून मुलगी तोयो. शेवटी त्याला सुचतं की एक काम हातात घ्यायचं. वस्तीतल्या बायकांचा अर्ज, सांडपाण्याचं डबकं बुजवून मुलांसाठी बाग करा. तो कार्यालयात परत येतो, गाडी मागवतो, जागा बघायला निघतो. आता आपण सरसावून बसतो, बाग कशी होते ते बघायला.

आणि निवेदक सांगतो: पाच महिन्यांनी आपला नायक वारला.

थेट त्याच्या घरी, फोटोसमोर बसलेले सहकारी. बाग झालेली आहे. ती कशी झाली ते आपल्याला दाखवलेलंच नाही. जे बघायला आपण बसलो होतो तेच दिग्दर्शकाने काढून घेतलं आणि आता ते त्याच्या कचेरीतल्या माणसांच्या तोंडून, तुकड्यातुकड्यांनी मिळवावं लागतं. तुमच्या ताईंना बहुतेक हे म्हणायचं होतं.

---

रुईकाठ

पडद्यामागे यांना अनुमोदन, पण यात नवीन काय? हे 'राशोमोन'च झालं की. प्रत्येक जण आपापली बाजू सांगतो आणि खरं काय ते कळतच नाही. कुरोसावांनी दोन वर्षांनी तीच युक्ती परत वापरली.

---

पडद्यामागे

@रुईकाठ, तंत्र जवळचं आहे हे बरोबर, 'राशोमोन' 1950 चा आणि हा 1952 चा. पण फरक बघा. तिथे प्रत्येकाची हकिकत दुसऱ्याच्या हकिकतीला खोटं पाडते. इथे कोणाचीच आठवण खोटी नाही. सगळ्यांनी वातानाबेला खरोखर पाहिलेलं असतं, पण प्रत्येकाने एकेक क्षण, आणि त्याचा अर्थ मात्र आपल्या सोयीचा लावलेला. एकाला आठवतं की तो त्याच्या टेबलापुढे मान खाली घालून तासन्‌तास उभा राहायचा. दुसऱ्याला आठवतं की भिंतीला धरून तो जिन्याजवळून चालत होता. तिसऱ्याने पाहिलेलं असतं की त्या जागेवर दारूचे अड्डे काढायला टपलेल्या गुंडांनी त्याला दमात घेतलं, जिवाची पर्वा आहे की नाही विचारलं, आणि हा नुसता त्यांच्याकडे बघून हसला. एकेका तुकड्याला अर्थ नाही. ते एकत्र ठेवले की त्या खोलीतल्या माणसांना बाग कोणी केली ते कळतं. म्हणजे इथे सत्य कळतं. प्रश्न कळल्यानंतरचा आहे.

---

रुईकाठ

हं. मान्य. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. परत बघतो.

---

बारनिशी

मी जिल्हा परिषदेतून सेवानिवृत्त, आवक-जावकपासून सुरुवात केली आणि कक्ष अधिकारी होऊन निघालो. चित्रपट मुलाने दाखवला होता. माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका.

त्या बायका सुरुवातीला अर्ज घेऊन येतात तो भाग सगळ्यांना हसू आणतो. नागरिक विभाग म्हणतो बांधकामाकडे जा, बांधकाम म्हणतं उद्यान, उद्यान म्हणतं आरोग्य, मग मलनिस्सारण, डास निर्मूलन, अग्निशमन, शिक्षण, मग नगरसेवक, उपमहापौर, आणि तिथून फिरून परत नागरिक विभागाच्या खिडकीवर. आमच्या भाषेत अर्ज "वर्ग केला". पण मी सांगतो, त्यातलं प्रत्येक खातं बरोबर बोलत होतं. डबकं म्हणजे सांडपाणी, डास म्हणजे आरोग्य, जागा सपाट करणं म्हणजे बांधकाम, झोपाळे बसवणं म्हणजे उद्यान. एकाही कारकुनाने नियम मोडलेला नाही. म्हणून तर ते भयंकर आहे. कोणी लाच मागत नाही, कोणी दुष्ट नाही, आणि काम होत नाही.

आता वातानाबेने काय केलं ते बघा, कारण लोकांना वाटतं त्याने काही क्रांती केली. त्याने एकच गोष्ट केली. कनिष्ठ सांगतो की हे प्रकरण बांधकामाचं आहे, हा म्हणतो की नाही, आपण पुढाकार घेतला नाही तर हे होणार नाही. तिथून पुढे प्रकरण टपालाने न पाठवता तो स्वतः कागद घेऊन प्रत्येक खात्यात गेला आणि सही होईपर्यंत समोरून हलला नाही. विभागप्रमुख असून दुसऱ्या विभागातल्या साध्या कारकुनापुढे वाकला. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना कळेल, वरच्यापुढे वाकणं सोपं असतं. बरोबरीच्या आणि खालच्या माणसापुढे वाकणं याला छाती लागते.

टिपणीकार, तुम्ही चिठ्ठीत हे लिहा. लेखा शाखेतल्या बाईंना ते बरोबर पोहोचेल.

---

सोनचाफा

बारनिशी काका, प्रतिसाद फार आवडला. "कोणी दुष्ट नाही आणि काम होत नाही" हे वाचून आमच्या सोसायटीचा नळजोडणीचा अर्ज आठवला. तो विषय काढत नाही, धागा भरकटेल.

---

हडसनकाठचा

मी इकडे न्यू जर्सीत याचा इंग्रजी अवतार थिएटरात पाहिला, 2022 चा 'लिव्हिंग'. काझुओ इशिगुरोंची पटकथा, मुख्य भूमिकेत बिल नाय. 1953 चं लंडन, तीच गोष्ट, पण एक तास बेचाळीस मिनिटांत. मग मूळ पाहिला. खरं सांगायचं तर मूळचा शेवट मला लांबला. दारू पिऊन कारकून तेच तेच बोलत राहतात. इंग्रजी चित्रपटात अंत्यविधीनंतर ते सहकारी आगगाडीच्या डब्यात बसून बोलतात, पाच-सात मिनिटांत तेच साधलं आहे. आणि नाय यांना ऑस्करचं नामांकनही होतं. नवीन पाहणाऱ्यांनी आधी तो बघावा.

---

पडद्यामागे

'लिव्हिंग' चांगला आहे, नाय यांचं काम सुंदर आहे, यात वाद नाही. पण एक गोष्ट बदलली आहे आणि ती साधी नाही. तिथे मरणारा माणूस एका तरुण सहकाऱ्यासाठी पत्र ठेवून जातो. त्याने काय केलं, का केलं, पुढे काय जपायचं, ते त्याच्याच शब्दांत आपल्याला ऐकू येतं.

'इकिरू'मध्ये पत्र नाही. मुलासाठी पासबुक, शिक्का आणि निवृत्तिवेतनाचे कागद ठेवलेले असतात, बस. मनातलं एक अक्षर नाही. म्हणून ते कारकून तेच तेच बोलतात. त्यांच्याकडे दुसरं साधनच नाही. आधी उपमहापौर सांगून जातात की बागेचं श्रेय उद्यान आणि बांधकाम खात्याचं, सगळे माना डोलावतात. तेवढ्यात वस्तीतल्या बायका येतात, फोटोपुढे उदबत्ती लावून रडतात, कोणाशी काही न बोलता निघून जातात. त्यानंतर खोलीत जी शांतता पसरते ती बघा. कोणी बोलू शकत नाही. उपमहापौर जागचे उठतात. तिथून पुढे हळूहळू जिभा सुटतात. ती पन्नास मिनिटं कापली तर त्या माणसांना स्वतःच्या तोंडाने कबूल करायला लागणारा वेळच कापला जातो.

---

हडसनकाठचा

मुद्दा कळला. तरी मला ती लांबीच वाटते. :) पण पत्राचा फरक लक्षात आला नव्हता, तो मान्य.

---

वाटसरू_मिरज

अवांतर होईल, पण लिहितो.

आमच्या बाबांना 1990 च्या दशकात पोटाचा कॅन्सर झाला. आम्ही भावंडांनी ठरवून त्यांना अल्सर आहे असं सांगितलं. डॉक्टरांनीही साथ दिली, तेव्हा तसंच चालायचं. या चित्रपटात दवाखान्याच्या प्रतीक्षालयात एक बडबड्या रुग्ण वातानाबेला सांगतो की डॉक्टर म्हणाले साधा अल्सर आहे, वाटेल ते खा, तर समजा की कॅन्सर आहे. आणि मग आत डॉक्टर शब्द न्‌ शब्द तेच बोलतात. मी तिथे चित्रपट थांबवला. पुढचा दोन दिवसांनी पाहिला.

बाबांनी शेवटच्या काही महिन्यांत घरावरचं कर्ज फेडलं, आईच्या नावावर खातं केलं, गावच्या भावकीतला वाद मिटवला. आम्ही तेव्हा म्हणायचो, बरं झालं त्यांना माहीत नाही, किती उत्साहात आहेत. चित्रपटात वातानाबेचा मुलगा अगदी हेच म्हणतो, की बाबांना कॅन्सर आहे हे माहीत नव्हतं, असतं तर मला सांगितलं असतं. आणि ते कागद तर त्याने आधीच ठेवलेले असतात.

मला आजही ठाऊक नाही बाबांना माहीत होतं की नाही. टिपणीकार, माफ करा, तुमच्या चिठ्ठीला याचा उपयोग नाही.

---

सोनचाफा

वाटसरू, माफी कसली. कर्ज फेडणं, खातं करणं, भावकी मिटवणं. मला वाटतं त्यांना माहीत होतं.

---

मी_शाल्मली

वाटसरू, मी वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते, त्यामुळे या भागावर माझं बारीक लक्ष होतं. चित्रपटात मुलाला दोष देणं सोपं आहे. पण वातानाबे सांगायला गेला नव्हता असं नाही. निदान कळल्यावर तो घरी जाऊन अंधारात मुलाच्या खोलीत बसून राहतो. मुलगा आणि सून येतात ते त्याच्या निवृत्तीच्या पैशांतून नवं घर कसं बांधता येईल याबद्दल बोलत. नंतर पुन्हा एकदा तो धीर करून तोंड उघडतो, तर मुलाला वाटतं की बाप त्या तरुण मुलीच्या नादी लागला आहे, आणि तो वाट्टेल ते सुनावतो. तिथून पुढे तो कधीच प्रयत्न करत नाही.

माझ्या कामात घरचे म्हणतात "त्यांना सांगू नका", आणि रुग्ण वेगळा गाठून विचारतो "घरच्यांना सांगू नका, पण किती दिवस?" दोघेही एकमेकांना जपत असतात. म्हणून तुमचे बाबा बोलले नाहीत याचा अर्थ त्यांना तुमच्यावर विश्वास नव्हता असा लावू नका. तुम्ही खूश आहात हे ते बघत होते.

---

वाटसरू_मिरज

धन्यवाद ताई. हे असं कोणी सांगितलं नव्हतं.

---

रुईकाठ

एक शंका. 'आनंद' हा याच्यावरूनच घेतला आहे ना? 1971 चा. पोटाचा/आतड्यांचा कॅन्सर, मरणारा नायक, सगळ्यांना जगायला शिकवतो.

---

पडद्यामागे

आजार आणि मुदत एवढंच साम्य आहे. आनंद पहिल्या भेटीपासून जगायला शिकलेला असतो, बदलतो तो डॉक्टर. वातानाबे स्वतः जगलेलाच नसतो, आणि बदलायचं असतं त्याच्या कचेरीने. बीज शोधायचं तर टॉलस्टॉयच्या 'इव्हान इलिच'कडे जावं लागेल. तिथेही न्यायखात्यातला अधिकारी मरताना विचारतो की मी बरोबर जगलो का.

---

आबा_फलटण

काल रात्री बघितला हो. सौ. मधेच झोपली, मी शेवटपर्यंत पाहिला. त्या म्हाताऱ्याचं काम करणारा नट कोण? त्याचे डोळे विसरता येत नाहीत. सत्तरीचा असेल ना?

---

पडद्यामागे

आबा, ताकाशी शिमुरा. जन्म 1905. चित्रीकरणाच्या वेळी पन्नाशीही आली नव्हती. दोन वर्षांनी, 1954 मध्ये, 'सेव्हन सामुराई'त गावकऱ्यांना एकत्र आणणारा शांत, टक्कल केलेला म्होरक्या सामुराई तोच. आणि त्याच वर्षीच्या पहिल्या 'गॉडझिला'मधले प्राध्यापकही तेच.

---

आबा_फलटण

काय सांगता!! 'सेव्हन सामुराई' मी चार वेळा पाहिला आहे. तो हाच? पाठ ताठ, तलवार हातात. आणि इथे खुर्चीतून उठताना सुद्धा कोणाची तरी परवानगी मागतोय असा उठतो. आता परत बघावा लागेल.

ते बर्फात झोपाळ्यावर गाणं म्हणतो ते गाणं चित्रपटासाठी केलं आहे का?

---

पडद्यामागे

नाही, ते 1915 चं लोकप्रिय गाणं आहे, 'गोंडोला नो उता'. तरुण मुलींना सांगितलंय की आयुष्य थोडं आहे, ओठांची लाली आहे तोवर प्रेम करून घ्या. आधी तो बारमध्ये पियानोवाल्याला हेच गाणं वाजवायला सांगतो आणि असा गातो की शेजारी नाचणारी जोडपी थांबतात. शेवटी झोपाळ्यावर तेच गाणं. शब्द तेच, पण बारमधला माणूस आणि झोपाळ्यावरचा माणूस वेगळा. दुसऱ्या वेळचं आपल्याला पोलिसाच्या आठवणीतून दिसतं, तो टोपी परत द्यायला आलेला असतो. त्याला वाटलेलं, म्हातारा प्यायला आहे. फार खुशीत दिसत होता, म्हणून हटकलं नाही, म्हणतो.

---

बारनिशी

त्या पोलिसाला मी माफ करून टाकलं आहे. त्याने हटकलं असतं तर म्हातारा घरी जाऊन खाटेवर मेला असता.

---

मी_शाल्मली

मी नाही केलं माफ. थंडीत इतका वेळ एकटा बसलेला आजारी माणूस दिसला तर जवळ जाऊन विचारायचं असतं.

---

टिपणीकार

सगळ्यांचे आभार. शनिवारपासून हा धागा मी ऑफिसच्या बसमध्ये वाचतोय. बारनिशी काकांचा प्रतिसाद वाचून कळलं की मला काय सांगायचं आहे.

मला शेवटचा कार्यालयातला प्रसंग सगळ्यात जास्त लागला. रात्री दारूच्या भरात सगळे शपथ घेतात की आजपासून आपण वातानाबेसारखं काम करायचं, त्याचं बलिदान वाया जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीवर एक तक्रार येते आणि नवा प्रमुख म्हणतो, बांधकामाकडे पाठवा. किमुरा नावाचा तो सरळ कारकून ताडकन उभा राहतो. खुर्ची पडते. सगळे त्याच्याकडे बघतात. आणि तो हळूहळू खाली बसतो, इतका खाली की कागदांच्या चळतीमागे दिसेनासा होतो.

मसुदा पुन्हा लिहिला आहे:

"ताई,

तुम्ही सांगितलं होतं, माणूस मेला की उठू नका. मी नाही उठलो.

त्या बायकांचा अर्ज एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाताना मी हसलो, कारण आपल्या शाखेत रोज काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पण बागेचं श्रेय वाटून घेताना ते सगळे जे बोलत होते त्यातलं एकेक वाक्य मी बैठकीत ऐकलेलं आहे, आणि काही वाक्यं माझीच असू शकतील. वातानाबे ज्या कारकुनांपुढे वाकला त्या कारकुनांत मी बसलो आहे असं वाटत राहिलं.

गेल्या वर्षी अंगणवाडीच्या पोषण आहाराची ती अडकलेली देयकं तुम्ही स्वतः घेऊन तिन्ही शाखांत फिरलात. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, ताईंना फार वेळ आहे. आता मला कळलं की तुम्ही हा चित्रपट कधीतरी पाहिला होता.

तुमच्या जागी कोण येईल माहीत नाही. किमुरा उभा राहून खाली बसतो. मी निदान उभा राहायला शिकेन.

चित्रपटाबद्दल आणि त्या देयकांबद्दल आभार."

कसं वाटतंय?

---

सोनचाफा

शुक्रवारी रुमाल घेऊन जा. तुम्हाला नाही, ताईंना लागेल.

---

हडसनकाठचा

उत्तम. मी फक्त "आता मला कळलं की तुम्ही हा चित्रपट कधीतरी पाहिला होता" काढलं असतं. त्यांनी ते काम चित्रपट न पाहताही केलं असतं. माणसं चित्रपट पाहून तशी होत नाहीत. आधी तशी असतात, म्हणून त्यांना तो चित्रपट आवडतो.

---

टिपणीकार

@हडसनकाठचा, बरोबर आहे. ते वाक्य काढतो.

---

बारनिशी

"मी निदान उभा राहायला शिकेन" हे ठेवा की नको याबद्दल माझं मन दोलायमान आहे. वरिष्ठांच्या हाती चिठ्ठी लागली तर काय समजतील? आणि दुसरं, किमुराबद्दल तुम्ही थोडं कठोर आहात. तो शेवटी पुलावरून त्या बागेकडे बघत उभा असतो, मुलं खेळत असतात. तो हरलेला आहे असं मला वाटत नाही. एकटा कारकून उद्या काय करेल ते चित्रपटाने उघडं ठेवलं आहे.

---

पडद्यामागे

काका, उघडं ठेवलं आहे हे खरं, पण मला तो हरलेलाच दिसतो. बघणं म्हणजे करणं नव्हे. आमच्या फिल्म सोसायटीत यावर दोन तट आहेत, आणि कोणीच कोणाला पटवू शकलेलं नाही.

---

मी_शाल्मली

वाक्य ठेवा. वरिष्ठांनी चिठ्ठी वाचली तर त्यांनाही चित्रपटाचं नाव कळेल.

---

आबा_फलटण

पेढे विसरू नका.

---

टिपणीकार

चिठ्ठी दिली. वाक्य ठेवलं, पेढेही दिले.

ताईंनी समारंभातच बाजूला उभं राहून वाचली. मग मला म्हणाल्या, "देयकं घेऊन मी फिरले ते बरोबर, पण तिसऱ्या शाखेत माझ्याबरोबर शिपाईकाका होते. सही करणारे साहेब जेवायला गेले होते, ते येईपर्यंत काका दारात बसून राहिले. त्यांचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत." मग तिथेच पेन मागितलं आणि चिठ्ठीच्या खाली काकांचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहून मला दाखवलं.

मुलाच्या बाबतीत त्या शाल्मलीताईंच्या बाजूच्या आहेत आणि पोलिसाच्या बाबतीत बारनिशी काकांच्या. सोमवारपासून त्या नव्या तालुक्यात हजर होत आहेत. जाताना आणखी एक नाव सांगून गेल्या आहेत, कुरोसावांचंच 'हाय अँड लो', 1963. म्हणाल्या, यातही अर्ध्यावर उठू नका.

---

पडद्यामागे

'हाय अँड लो'साठी नवीन धागा काढा. त्यातही चित्रपट मधोमध दुभंगतो: पहिला भाग जवळजवळ सगळा एका दिवाणखान्यात, नंतर सगळं शहर. आणि आगगाडीचा प्रसंग येण्याआधी चहा करून घ्या, नंतर उठता येणार नाही.

---

आबा_फलटण

सौ. विचारते आहे, तोही जपानीच का? आणि त्यात तो शिमुरा आहे का?

---

पडद्यामागे

आहे आबा, पोलीस खात्यात. छोटं काम आहे, नीट बघा.